हवालदाराचा बायोडेटा

साताऱ्याकडचा एक हवालदार २६ वर्षांची सेवा पुरी करून पेन्शनवर येतो आहे. बायको-मुलं मुलुंडला, मुलगी अकरावीत, त्यामुळे नोकरी मुंबईतच हवी. त्याचा एक पानी बायोडेटा दोघांनी माझ्यासमोर वाचला आणि वाचता वाचताच त्यांचं वाजलं. एक, त्याच्याच पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. घाटकोपर ते अंधेरी या पट्ट्यात सिक्युरिटी ऑफिसर म्हणून त्यांनी मॉल सांभाळले आहेत, ऑफिसांच्या इमारतीही. दुसऱ्या, मरोळच्या एका कंपनीत ॲडमिन आणि सुरक्षा ही दोन्ही खाती बघणाऱ्या मॅनेजर. माजी सैनिकांचे अर्ज त्यांच्याकडे सतत येत असतात. काहींना त्या घेतात, बऱ्याच जणांना नाही म्हणतात. नावं वगळून त्यांचं बोलणं इथे देतो आहे.

कागदावर मोजक्याच ओळी होत्या. नावाआधी ‘हवालदार’. खाली ‘सीक्यूएमएच, ५ वर्षं. प्लाटून हवालदार, ३ वर्षं. वेपन ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर. कॅरेक्टर : एक्झम्पलरी.’ आणि तळाशी, ‘सिक्युरिटी सुपरवायझर किंवा गनमॅनची नोकरी हवी.’

मॅनेजर : सुभेदारसाहेब, आधी ही शेवटची ओळ काढा. या माणसाने स्वतःच स्वतःला गेटवर उभं केलंय.

सुभेदार : त्यात वाईट काय आहे, मॅडम? एजन्सीवाले त्याला उद्या घेतील. २००८ च्या नोव्हेंबरनंतर या शहरात मॉलपासून हॉटेलपर्यंत प्रत्येकाला गेटवर फौजी हवा झाला. कायदासुद्धा आमच्या बाजूने आहे. खासगी सुरक्षा एजन्सींचा २००५ चा कायदा आहे ना, त्याच्या नियमांत नव्या गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर ट्रेनिंग लागतं. माजी सैनिकाला ४० आणि १६ तासांत सोडतात. इतरांचे वीस दिवस, तर आमचा आठवडा. म्हणजे सरकारनेच मान्य केलंय की हा माणूस तयार होऊन आलाय.

मॅनेजर : गार्ड म्हणून तयार होऊन आलाय, एवढंच मान्य केलंय. माझ्याकडच्या ॲडमिन एक्झिक्युटिव्हच्या जागेला ती सवलत लागू होत नाही, आणि हा माणूस त्या जागेचा आहे असं मला वाटतंय. पण वाटून काय उपयोग? आमच्या एचआरमध्ये अर्ज चाळणारी मुलगी पंचवीस वर्षांची आहे. तिला ‘हवालदार’ म्हटलं की पोलीस चौकी आठवते. ‘सीक्यूएमएच’ हे काय आहे हे तिला ठाऊक असण्याचं कारण नाही. ती कागद बाजूला ठेवणार.

सुभेदार : मग तिला शिकवा. रँक काय असते ते कंपनीने शिकायला नको?

मॅनेजर : शिकून घेतलं, साहेब, आणि ठेच लागूनच शिकले. एकदा ‘कॅप्टन’ लिहिलेला अर्ज आला. आम्ही समजलो, लष्करातला तरुण अधिकारी असणार, म्हणून सिक्युरिटी मॅनेजरच्या मुलाखतीला बोलावलं. समोर आले ते चौपन्न वर्षांचे गृहस्थ.

सुभेदार : ऑनररी कॅप्टन असतील. सुभेदार मेजर, किंवा सुभेदार. २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला जेसीओंना मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन करतात. चांगल्या सेवेचा तो मोठा मान आहे. हवालदारालाही निवृत्तीनंतर मानद नायब सुभेदार करतात. हासुद्धा उद्या कदाचित ते लावेल.

मॅनेजर : मान मोठा आहे, पण मला त्यातून काम कळत नाही. लष्करातला कॅप्टन म्हणजे दोन ते सहा वर्षं कमिशन झालेला पोरगा. नौदलातला कॅप्टन म्हणजे तुमच्या कर्नलच्या बरोबरीचा. ऑनररी कॅप्टन म्हणजे तीस वर्षं जवानांमध्ये काढलेला जेसीओ. आणि आमच्या अंधेरीत तर मर्चंट नेव्हीचे कॅप्टन आणि विमानांचे कॅप्टन रस्त्यावर भेटतात. पाचांची कामं पाच. तेच ‘मेजर’चं. मेजर वेगळा, सुभेदार मेजर वेगळा आणि कंपनी हवालदार मेजर आणखी वेगळा.

सुभेदार : कंपनी हवालदार मेजर ही रँक नाहीच. ती नेमणूक आहे. रँक हवालदाराचीच.

मॅनेजर : हेच तुमच्या तोंडून हवं होतं! नेमणूक. मला रँक नको, नेमणूक सांगा. याची ही सीक्यूएमएच काय भानगड आहे?

इथे सुभेदार खुलले. पुढची पंधरा-वीस मिनिटं ते बोलत होते आणि मॅनेजर कागदावर लिहून घेत होत्या. या सगळ्या बोलण्यातला सर्वात कामाचा भाग माझ्या मते हाच होता, म्हणून तो जरा सविस्तर देतो.

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, पलटणीत नुसतं ‘सीक्यू’. रायफल कंपनीत साधारण सव्वाशे माणसं. त्यांचे कपडे, बूट, ब्लँकेट, तंबू, भांडी, शिधा, स्टेशनरी, झालंच तर हत्यारं आणि दारूगोळ्याचा हिशेब, हे सगळं सीक्यूच्या लेजरवर असतं. माल मागवायचा तर इंडेंट भरायचं, आला की मोजून चढवायचा, जवानाला दिला की सही घ्यायची, फाटला-तुटला तर तो बाद ठरवून घ्यायचा आणि बदली माल आणायचा. नेमणूक संपली की पुढच्या माणसाला सुईदोऱ्यापासून सगळं मोजून द्यायचं. हे झालं हँडिंग-टेकिंग ओव्हर. त्यात एक ब्लँकेट कमी भरलं तरी जाब द्यावा लागतो. आणि पलटण हलली, की हे सगळं दुकान बांधून गाडीत भरायचं आणि नव्या जागी पहिल्या रात्रीच्या जेवणाच्या आत मांडायचं.

मॅनेजर : म्हणजे स्टोअर, इन्व्हेंटरी, कॅन्टीन, लाँड्री, ऑफिस शिफ्टिंग! आमच्याकडे याला तीन माणसं आहेत. आणि हा म्हणतोय, मला गनमॅन करा.

सुभेदार : तो काय करणार? पेन्शनवर आलेला माणूस आधी गावातल्या, पलटणीतल्या माणसाला विचारतो. तो एजन्सीत असतो, म्हणून हाही एजन्सीत. गनमॅनला तर मागणी असतेच. स्वतःचं लायसन्स, स्वतःची बंदूक, की बँकेत किंवा कॅश व्हॅनवर लगेच काम. पण एक खरं, त्या कामात माणूस जिथे लागतो तिथेच राहतो. साठीलाही तो गनमॅनच. आणि लायसन्स गावच्या जिल्ह्यापुरतं असलं, तर मुंबईत ते चालवून घेता घेता नाकी नऊ येतात.

मॅनेजर : मग सुपरवायझर?

सुभेदार : सुपरवायझरचं मी स्वतः केलंय, त्याला नावं ठेवू देणार नाही. पण हा कंपनी हवालदार मेजर, म्हणजे सीएचएम असता, तर मीही बिनधास्त म्हणालो असतो, सुपरवायझर हो. सीएचएम रोज नफरी घेतो. कोण सुट्टीवर, कोण आजारी, कोणाची गार्ड ड्युटी, कोणाला बदली माणूस द्यायचा, हे सगळं त्याच्याकडे. मॉलमध्ये शिफ्ट इन-चार्ज हेच करतो. पोस्ट किती, हजर किती, रिलीव्हर कुठून आणायचा.

मॅनेजर : बघा, हवालदार दोघंही, पगार साधारण सारखा. एकाने सुपरवायझर व्हावं, दुसऱ्याने स्टोअरकडे यावं. रँकची ओळ बघून हा फरक कोणाला कळला असता?

सुभेदारांना हे पटलं, पण अर्धंच. त्यांची दुखरी नस वेगळी होती.

सुभेदार : नेव्ही-एअर फोर्सवाल्यांचं यात बरं असतं. इथे घाटकोपरला नौदलाचं मटेरियल ऑर्गनायझेशन आहे. तिथे स्टोअरमध्ये काम केलेला माणूस बाहेर आला की गोदामवाले त्याला लगेच उचलतात. त्याच्या कामाला बाहेर तेच नाव आहे. एअर फोर्समधला टेक्निशियन विमानतळाकडे वळतो. आमच्या पायदळातल्याने काय लिहायचं? ‘सेक्शन अटॅक शिकवला’? म्हणून मी म्हणतो, त्याला रँक तरी राहू द्या. लष्कराचंच सांगणं आहे की रँक निवृत्त होत नाही, माणूस होतो. ‘हवालदार अमुक अमुक, निवृत्त’ असंच लिहायचं असतं. ती ओळ मी काढू देणार नाही.

मॅनेजर : काढा असं मी म्हणतच नाही. नावाआधी असू दे. पण खालच्या ओळींमध्ये आकडे हवेत. सव्वाशे माणसं लिहा. हत्यारं किती, कुठली, कुठल्या ठाण्यावर, तेही लिहा, म्हणजे जबाबदारीचा अंदाज येईल.

सुभेदार : ते नाही होणार.

मॅनेजर : का?

सुभेदार : पलटण कुठे होती, तिथे नफरी किती, हत्यारं कोणती आणि किती, हे कागदावर लिहून मुंबईभर वाटायचं नसतं, मॅडम. तो कागद कोणाच्या मेलमध्ये जाईल हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पेन्शनवर आला म्हणून ते बंधन सुटत नाही. एखाद्याने तसं लिहिलेलं दिसलं, तर मी सिक्युरिटी ऑफिसर म्हणून त्याला घेणारच नाही.

मॅनेजर काही क्षण थांबल्या. इथे सुभेदारांचं म्हणणं बरोबर होतं यात मला शंका नाही. कामाची मोजमापं द्या, हा नोकरी शोधणाऱ्यांना मिळणारा नेहमीचा सल्ला फौजेतल्या माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही. मग दोघांनी मिळून वाट काढली. रायफल कंपनीत किती माणसं असतात हे पुस्तकांत छापलेलं असतं, तेव्हा ‘सुमारे सव्वाशे’ चालेल. हत्यारांचा उल्लेख आकड्याशिवाय, एका शब्दात. ठिकाणांऐवजी ‘डोंगराळ भाग’ आणि ‘शांतता ठाणं’. बाकी आकडे कपडे-भांडी-शिध्याचे. लेजरमध्ये किती प्रकारच्या वस्तू होत्या, किती वेळा पूर्ण मोजणी झाली, किती वेळा चार्ज दिला-घेतला, तूट निघाली का. हवालदाराला फोन लावला. त्याने पाच मिनिटांत सगळं तोंडपाठ सांगितलं. चार्ज दोनदा दिला-घेतला, तूट एकदाही नाही.

नवा मजकूर असा झाला : ‘सुमारे १२५ जणांच्या तुकडीच्या कपडे, शिधा, साहित्य आणि शस्त्रसामग्रीचा साठा व हिशेब ५ वर्षं स्वतंत्रपणे सांभाळला. मागणी, आवक, वाटप, बाद करणं आणि वर्षाची मोजणी. दोन वेळा संपूर्ण हस्तांतर, तूट नाही. तुकडीच्या स्थलांतरात साहित्याची बांधणी, वाहतूक व मांडणी.’ त्याखाली प्रशिक्षकाचं काम : ‘नव्या जवानांच्या तुकड्यांना सुरक्षित हाताळणीचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण.’ प्लाटून हवालदाराची तीन वर्षं मात्र मॅनेजरनी आपणहून वर घेतली. ‘सुमारे ३० जणांच्या तुकडीचा उपप्रमुख’ ही ओळ कुठल्याही एचआरला कळते, असं त्यांचं म्हणणं.

सुभेदार : आता झालं ना? मग द्या जागा.

मॅनेजर : मुलाखतीला बोलावेन. पण तिथे तो कुठे अडकेल ते आजच सांगते. पहिला प्रश्न मी विचारणार, ‘तीनशे खुर्च्या घ्यायच्यात, काय कराल?’

सुभेदार : इंडेंट पाठवेल.

मॅनेजर : कोणाला? इथे मागे डेपो नाही. तुमच्याकडे माल स्केलवर येतो. माणशी इतकी ब्लँकेट, इतके बूट, ठरलेलं. हक्काचं आहे ते मागायचं आणि जपायचं. आमच्याकडे हक्काचं काही नसतं, बजेट असतं. तीन ठिकाणची कोटेशन मागवायची, जीएसटी धरून तक्ता करायचा, सर्वात स्वस्त नको असेल तर का नको ते लिहायचं, मग परचेस ऑर्डर. माल आल्यावर बिल, चलन आणि ऑर्डर ताडून पाहायची. मोजणीत आणि जपण्यात तो माझ्या सगळ्या माणसांच्या पुढे असेल. खरेदीत शून्य.

सुभेदार : हे शिकायला किती लागतं?

मॅनेजर : तक्ता करायला आठवडा. ‘हे लागेलच कशाला?’ असं विचारायची सवय लागायला वर्ष. आणि बाकी गोष्टी आहेत. इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली. आमच्यात त्याला बी फॉर्म म्हणतात. फायर पॉइंटवर बादल्या लाल आहेत की नाहीत हे फौजी लगेच बघतो. फॉर्मची तारीख टळली हे त्याच्या लक्षात येत नाही. दुसरं, कंत्राटी गार्डांचं हजेरीपत्रक आणि एजन्सीचं पीएफचं चलन जुळतं का. मस्टरवर साठ माणसं आणि चलनात पन्नास, तर कंत्राटदार पळाला की तगादा आमच्याकडे येतो. हे बघणारा माणूस मला हवाय.

सुभेदार : हे तो करेल. मस्टर आणि नफरी जुळवणं त्याच्या हाडात आहे. हे नुसतं त्याला आधी सांगायला हवं. आम्हाला शेवटच्या वर्षात पुनर्वसनाचे कोर्स देतात, रिसेटलमेंटवाले. अधिकाऱ्यांना मॅनेजमेंटच्या संस्थांमध्ये चोवीस आठवडे, जवानांना त्यापेक्षा छोटे. पण जवान पुष्कळदा जो मिळेल, जो गावाजवळ असेल, तो कोर्स करतो. कोर्स निवडताना त्याला कोणी विचारत नाही की तू सीक्यू होतास, मग स्टोअर-खरेदीचा घे.

मॅनेजर : आणखी एक. जाहिरातीत आम्ही ‘पदवीधर’ लिहितो. हा बारावी आहे.

सुभेदार : पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट-क मध्ये पदवीधराच्या जागेला अर्ज करता येतो.

मॅनेजर : सरकारमध्ये. खासगी कंपनीवर ते बंधन नाही. आमच्या संगणकाने पदवीच्या रकान्यात काही नाही म्हणून तो अर्ज माझ्यापर्यंत येऊच दिला नसता. जाहिरातीत ‘पदवीधर किंवा १५ वर्षं सैन्यसेवा’ असं लिहून घेणं माझ्या हातात आहे, ते मी सोमवारी करते. पण बाकीच्या कंपन्यांचं मी सांगू शकत नाही.

इथवर दोघं जवळ आले होते. मग मॅनेजरनी जागेचं नाव सांगितलं, ‘एक्झिक्युटिव्ह, ॲडमिन आणि स्टोअर्स’, कंपनीच्या रोलवर. आणि वरिष्ठ म्हणून ज्याचं नाव सांगितलं तो अठ्ठावीस वर्षांचा असिस्टंट मॅनेजर. सुभेदारांचा चेहरा बदलला.

सुभेदार : पंचेचाळीस वर्षांचा हवालदार त्या पोराच्या हाताखाली? त्यापेक्षा माझ्याकडे मॉलला सुपरवायझर राहील. तिथे वीस माणसं त्याला साहेब म्हणतील.

मॅनेजर : साहेब, तुम्ही स्वतः प्लाटूनमध्ये होता तेव्हा प्लाटून कमांडर कोण होते?

सुभेदार : एक लेफ्टनंट. अकादमीतून नुकताच आलेला.

मॅनेजर : वय?

सुभेदार : तेवीस.

मॅनेजर : आणि तुमचं?

सुभेदारांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मॅनेजरना वाटलं असावं की वाद संपला. माझाही तसा समज झाला. पण त्यानंतर ते जे बोलले त्याला उत्तर मिळालं नाही.

सुभेदार : वय माझं चाळिशीच्या वर होतं. त्याला सॅल्यूट मी करायचो, यात कमीपणा कधी वाटला नाही. पण मॅडम, त्या पोराला अकादमीत पहिल्या दिवसापासून सांगितलेलं असतं की पलटणीत गेल्यावर सुभेदारसाहेबांकडून शीक. तो मला साहेबच म्हणायचा. रात्री नकाशा घेऊन माझ्याकडे यायचा. हुकूम त्याचा, अक्कल दोघांची, आणि हे दोघांनाही ठाऊक. तुमच्या असिस्टंट मॅनेजरला हे कोणी सांगितलंय? त्याला एवढंच माहीत की एक जुना फौजी हाताखाली आलाय, गेटचं बघेल, पार्किंगचं बघेल. वय अडत नाही. त्या पोराला तयार कोणी करत नाही, ते अडतं.

मॅनेजर : खरं आहे. आमच्याकडे नव्या माणसाला कंपनीची ओळख करून देतात. कंपनीला नव्या माणसाची ओळख करून देत नाहीत.

सुभेदार : आणि तुमचे लोक त्याचा वापरही कसा करतात बघा. कोणी क्लायंट आला की ‘आमचे आर्मीवाले’ म्हणून पुढे करायचं. पगार ठरवताना मात्र ‘तुम्हाला पेन्शन आहे ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक मुलाखतीत विचारलाय. पेन्शन मागच्या सव्वीस वर्षांची आहे. पुढच्या कामाचे पैसे त्यातून का कापायचे?

मॅनेजर : तो प्रश्न माझ्याकडे विचारला जाणार नाही, हा शब्द देते. पगार जागेचा, माणसाच्या पेन्शनचा नाही. पण एक्झिक्युटिव्हच्या वरची जागा मी त्याला पहिल्या दिवशी देऊ शकत नाही. खरेदी येत नाही तोवर नाही. वर्षभराने पुन्हा बघू.

सुभेदार : आणि तोवर माझ्या मॉलला सुपरवायझरचे पैसे थोडे जास्त मिळत असतील तर?

मॅनेजर : मिळतील कदाचित. पण एजन्सीचं कंत्राट बदललं की त्याची जागाही जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बारा तासांची ड्युटी असते हेही.

सुभेदारांनी हे नाकारलं नाही आणि मान्यही केलं नाही. एजन्सीच्या रोलवर आणि कंपनीच्या रोलवर असण्यातला फरक पट्टीवर किंवा टोपीवर दिसत नाही. मुंबईत आलेल्या माजी सैनिकाला तो बहुधा पहिलं कंत्राट सुटतं तेव्हा कळतो. माझं मत विचाराल तर या हवालदाराने मरोळला जावं. सुभेदारांचं मत अजून वेगळं आहे. निर्णय हवालदाराचा, आणि तो अजून पलटणीतच आहे.

उठताना सुभेदारांनी मॅनेजरकडे एक गोष्ट मागितली. खुर्च्यांच्या जुन्या खरेदीचे कोटेशनचे तक्ते, कंपन्यांची नावं आणि दर खोडून. हवालदाराला ते पाठवणार, आणि पुढच्या रविवारी फोनवर त्याच्याकडून एक तक्ता स्वतः भरून घेणार. मॅनेजरनी त्यात त्यांच्या हातून एकदा नापास झालेला तक्ताही घालायचं कबूल केलं. त्यात दर सर्वात कमी होता, पण वाहतूक आणि जोडणीचा खर्च वेगळा लावलेला होता. तो ज्याला पकडता आला त्याची मुलाखत आपण पुढे नेतो, असं त्या म्हणाल्या.